फीचर लाँच व्हिडिओची स्क्रिप्ट (‘आधी अडचण’ पद्धत)

सॉफ्टवेअरमध्ये एखादी नवी सोय, म्हणजे फीचर, आलं की ती वापरणाऱ्यांना दाखवण्यासाठी साधारण एक ते दीड मिनिटाचा व्हिडिओ काढतात. त्याच्या लेखी आराखड्याला लाँच व्हिडिओची स्क्रिप्ट म्हणतात. ‘आधी अडचण’ पद्धतीत ही स्क्रिप्ट फीचरचं नाव सांगून सुरू होत नाही. आधी एक माणूस, त्याचं नेहमीचं काम आणि त्यात अडलेली एक गोष्ट दिसते. फीचर येतं ते नेमकं अडलेल्या जागी. कागदावर दोन रकाने असतात: डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन आणि आवाज. वेळ सेकंदांत समासात लिहितात.

या पद्धतीचं बहुतेकांना ठाऊक असलेलं उदाहरण ड्रॉपबॉक्सचं, म्हणजे एकच फाइल वेगवेगळ्या संगणकांवर सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. संस्थापक ड्रू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसले आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं, हा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. 2007 मध्ये त्यांनी हॅकर न्यूज या तंत्रज्ञानावर चर्चा करणाऱ्यांच्या संकेतस्थळावर आपला डेमो टाकला तो ‘पेन ड्राइव्ह फेकून द्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली. मथळ्यात फाइल सिंक होण्याचं तंत्र कुठेच नाही, वैतागाची वस्तू मात्र आहे. त्याच वर्षापासून सिअॅटलच्या कॉमन क्राफ्टने पांढऱ्या फळ्यावर कागदी कात्रणं सरकवत तांत्रिक गोष्टी समजावणारे छोटे व्हिडिओ काढले. तिथेही सुरुवात बहुधा जुन्या पद्धतीच्या कटकटीपासून होई. या दोन धाटण्यांचा ठसा आजच्या बहुतेक लाँच व्हिडिओंवर दिसतो.

अख्खं सॉफ्टवेअर बाजारात आणणं आणि चालू सॉफ्टवेअरमध्ये एक फीचर आणणं यांत मात्र मोठा फरक आहे, आणि स्क्रिप्ट लिहिणारे तिथेच फसतात. नवं सॉफ्टवेअर आणताना अडचणीचं खापर जुन्या पद्धतीवर फोडता येतं. फीचर आणताना ती अडचण कालपर्यंत आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये होती. ती फार रंगवली तर बघणारा विचारतो, ‘मग इतकी वर्षं काय करत होतात?’ वापरणाऱ्याला वेंधळा दाखवलं तर तोच दुखावतो, कारण ती चूक त्यानेही केलेली असते. म्हणून अडचण कामाच्या ओघातून यावी लागते: घाई, सारखी दिसणारी दोन नावं, मध्येच वाजलेला फोन.

दुसरी अट अधिक कडक आहे. फीचर आतून जे करतं तेवढीच अडचण गोष्टीत असावी. जीमेलचं ‘अनडू सेंड’ पाहू. मार्च 2009 मध्ये ते जीमेल लॅब्जमध्ये प्रायोगिक म्हणून आलं आणि जून 2015 मध्ये वेबवर सर्वांसाठी अधिकृत सेटिंग झालं. नाव ऐकून वाटतं की गेलेला मेल परत येतो. प्रत्यक्षात तो गेलेलाच नसतो. Send दाबल्यावर जीमेल तो काही सेकंद रोखून धरतं. त्या अवधीत Undo दाबलं तर तो पुन्हा मसुदा म्हणून उघडतो. सुरुवातीला हा अवधी 5 सेकंदांचा होता, आता सेटिंगमध्ये 5, 10, 20 किंवा 30 सेकंद निवडता येतात. त्यानंतर मेल समोरच्याच्या पेटीत पोचतो आणि पाठवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

या फीचरसाठी गोष्ट शोधताना पहिली सुचते ती रागाच्या भरात साहेबांना मेल पाठवून रात्री पस्तावणाऱ्या माणसाची. नाट्य भरपूर आहे, पण गोष्ट चुकीची आहे, कारण रात्री होणाऱ्या पस्ताव्याला 30 सेकंदांचा उपाय पुरत नाही. व्हिडिओ बघून कुणी तसा प्रयत्न करील आणि दुसऱ्या दिवशी ग्राहक-मदत विभागाला विचारील, ‘कालचा मेल परत का येत नाही?’ Send दाबल्यावर दोन-तीन सेकंदांतच लक्षात येते अशी चूक इथे हवी. चुकीची फाइल जोडणं ही तशी चूक आहे. नाव एकच असलेल्या दोन माणसांपैकी भलत्यालाच पाठवणं हीसुद्धा तशीच.

त्या मापाने बेतलेली एक नमुना-स्क्रिप्ट खाली दिली आहे. ती गूगलची नाही, या नोंदीसाठी लिहिलेली आहे.

0 ते 8 सेकंद. दृश्य: संध्याकाळ, छापखान्याचं ऑफिस. मेघना एका हाताने बॅग आवरत संगणकावर मेल लिहिते आहे. पत्ता पाटलांचा. निवेदन नाही, मागे यंत्राचा आवाज.

8 ते 15. दृश्य: फोल्डरमध्ये एकाखाली एक दोन फाइली, ‘कोटेशन जोशी’ आणि ‘कोटेशन पाटील’. फोन वाजतो, ती तिकडे बघत फाइल ओढून टाकते आणि Send दाबते. निवेदन नाही.

15 ते 21. दृश्य: मेलची खिडकी मिटते, मागचं फोल्डर पुन्हा दिसतं. त्यात निवडलेली दिसते ती ‘कोटेशन जोशी’. मेघनाचा हात बॅगेवर थबकतो. निवेदन: ‘मेल पाठवला, आणि मग दिसलं. पाटलांना जोडलंय जोशींचं कोटेशन.’

21 ते 28. दृश्य: ती फोन उचलते. निवेदन: ‘आत्तापर्यंत एकच उपाय होता. फोन करून सांगायचं, साहेब, तो मेल उघडू नका. असं सांगितल्यावर तर तो हमखास उघडला जातो.’

28 ते 45. दृश्य: तोच क्षण पुन्हा, आता फक्त स्क्रीन. डाव्या कोपऱ्यात खाली पट्टी, तिच्यात Undo. कर्सर तिकडे जातो, मेल परत उघडतो, चुकीची फाइल निघते, बरोबर फाइल जोडली जाते. निवेदन: ‘आता पाठवलेला मेल निघण्याआधी काही सेकंद थांबतो. तेवढ्यात Undo दाबलं, की तो पुन्हा तुमच्यासमोर.’

45 ते 60. दृश्य: सेटिंगचं पान, अवधीच्या यादीत 30 निवडलेले. निवेदन: ‘हा वेळ तीस सेकंदांपर्यंत वाढवता येतो. मेल एकदा पोचला, की मात्र परत येत नाही.’

साठ सेकंदांत निवेदनाचे शब्द जेमतेम साठच्या आसपास आहेत. हे मुद्दाम आहे. अनेकांच्या फोनवर व्हिडिओ आवाज बंद असतानाच सुरू होतात, म्हणून पहिल्या पंधरा सेकंदांतली चूक नुसत्या डोळ्यांना कळली पाहिजे. दोन फाइलींची नावं एकाखाली एक दिसणं हाच या गोष्टीचा खरा संवाद आहे, त्यामुळे ती अक्षरं छोट्या फोनवरही वाचता येतील एवढी मोठी घ्यावी लागतात. शब्दांची मर्यादा मोजून ठरवण्यापेक्षा स्क्रिप्ट घड्याळ लावून मोठ्याने वाचणं बरं. मनात वाचताना प्रत्येकाला वाटतं की बसतंय.

‘थांबतो’ या क्रियापदावर सगळ्या स्क्रिप्टचा खरेपणा टेकलेला आहे. तिथे ‘मेल परत बोलवा’ असं लिहिलं तर वाक्य चटपटीत होतं आणि खोटं होतं. शेवटच्या ‘परत येत नाही’ या वाक्याला विक्री विभाग बहुतेक वेळा हरकत घेतो, कारण त्यांना शेवट गोड हवा असतो. ते वाक्य वाचवणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे. काढावंच लागलं तर 45 व्या सेकंदापूर्वी ‘काही सेकंद’ हे शब्द निदान पडद्यावर ठळक दिसले पाहिजेत.

हीच अडचण वेगळ्या फीचरसाठी घेतली की गोष्ट बदलते. व्हॉट्सअॅपने 2017 मध्ये ‘सर्वांसाठी डिलीट’ आणलं तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. इथे संदेश खरोखरच पोचलेला असतो आणि नंतर काढला जातो, पण त्याच्या जागी तो डिलीट केल्याची ओळ राहते. ऑफिसची चेष्टा नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि ‘कुणाला कळलंसुद्धा नाही’ असा शेवट केला, तर तो चूक ठरतो. ती ओळ बघून काका विचारणारच, ‘काय रे, काय पाठवलं होतंस?’ प्रामाणिक स्क्रिप्टला तो प्रश्न पडद्यावर आणावा लागतो, आणि विनोदही तिथेच आहे.

अडचण शोधण्याची जागा म्हणजे ग्राहक-मदत विभागाकडे आलेल्या तक्रारी. त्यांतले शब्द वापरणाऱ्यांचे असतात. लोक ‘पाठवण्याचा रद्द अवधी’ असं लिहीत नाहीत, ‘चुकून गेला, आता काय करू’ असं लिहितात. निवेदनाची भाषा त्या दुसऱ्या वाक्याच्या जवळची हवी. अडचण खरी आहे का हे पाहायला एक सोपी कसोटी लावतात: स्क्रिप्टमधून फीचर पूर्ण काढून टाकायचं आणि पात्राने दुसरं काही केलं असतं तर काम झालं असतं का ते बघायचं. मेघनाला पाटलांना दुसरा मेल पाठवता आला असता, पण जोशींचे दर पाटलांनी पाहणं त्याने टळलं नसतं. म्हणून ही गोष्ट टिकते. ती नुसती फाइल जोडायला विसरली असती, तर ‘सोबत जोडले आहे’ असा दुसरा मेल पुरला असता आणि फीचरची गरज लुळी पडली असती.

चित्रीकरणातल्या दोन गोष्टी स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवाव्या लागतात. स्क्रीन रेकॉर्डिंग नमुन्याच्या खात्यावरच करायचं, कारण खऱ्या खात्यात बाजूच्या पट्टीवर कुणाचं तरी नाव किंवा विषय हमखास दिसतो. दुसरं, बटणांवरची नावं निवेदनात शक्य तितकी कमी घ्यायची. लाँचच्या आदल्या आठवड्यात ती बदलतात, आणि मग स्क्रीन पुन्हा टिपता येते पण निवेदकाला पुन्हा स्टुडिओत बोलवावं लागतं. मेघनाच्या स्क्रिप्टमध्ये Undo हे एकच नाव आवाजात आहे. व्हिडिओ आणखी भाषांत काढायचा असेल, तर प्रत्येक निवेदनानंतर सेकंद-दोन सेकंद मोकळे ठेवतात. एका भाषेत घट्ट बसवलेलं वाक्य दुसरीत सांडतं.

सगळ्या फीचरना ही पद्धत लागत नाही. गडद रंगसंगती किंवा नवे इमोजी यांच्यामागे कुणाचं काम अडलेलं नसतं. तिथे डोळे चोळणारं पात्र आणलं की जाहिरातबाजी उघडी पडते. रोज सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला आत, कामाच्या जागी दाखवायची चित्रफीतही वेगळी असते. त्याला अडचण पाठ असते, म्हणून 28 व्या सेकंदापासूनचा भाग तेवढा कापून देतात.

फीचर बदललं की व्हिडिओही मागे घ्यावा लागतो. 2015 मध्ये जे लॅब्जमध्ये ‘अनडू सेंड’ वापरत नव्हते त्यांना ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागे. त्या काळच्या स्क्रिप्टचा शेवट ‘आधी सेटिंगमध्ये चालू करा’ असाच हवा होता. आज ते सुरुवातीपासून चालूच असतं, म्हणून वरच्या नमुन्यात तिथे अवधी वाढवण्याची सूचना आली आहे.