सिंकखालचं कपाट आणि मरीन प्लायवुड

मरीन प्लायवुड म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला प्लाय. नाव जरी बोटींवरून आलेलं असलं तरी पुण्यात तो बहुतेक वेळा किचन ओट्याखाली, त्यातही सिंकच्या कपाटात वापरला जातो. बाजारात याला बीडब्ल्यूपी किंवा नुसतं "सातशे दहा" म्हणतात. साधा प्लाय म्हणजे आयएस ३०३ मधला एमआर ग्रेड, ज्याला दुकानदार "कमर्शियल" म्हणतो. एमआरचा अर्थ ओलावा सहन करणारा, पाणी सहन करणारा नव्हे, आणि सिंकखाली हाच फरक महागात पडतो.

दोन्हींत लाकडाचे पातळ थर, म्हणजे व्हिनियर, एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. लाकूड कधीकधी अगदी एकाच जातीचं असतं, त्यामुळे खरा फरक आहे गोंदात. एमआरमध्ये साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइड वापरतात, मरीनमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड. युरियावाला गोंद सुकला की कडक होतो आणि कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं टिकतो सुद्धा, पण पाणी आणि उष्णता दोन्ही एकत्र लागली की त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटायला लागतात आणि तुटलेले परत जुळत नाहीत. फिनॉलच्या गोंदाचं तसं होत नाही. मानकातल्या चाचण्यांवरून अंतर लक्षात येतं: एमआरचे तुकडे ६० अंशाच्या गरम पाण्यात एका वेळी ३ तास ठेवतात, मधल्या, म्हणजे उकळतं पाणी काही प्रमाणात सहन करणाऱ्या बीडब्ल्यूआर ग्रेडचे उकळत्या पाण्यात एका वेळी ८ तास, आणि मरीनचे सलग ७२ तास उकळवतात आणि मग थर सुटतात का ते बघतात.

आता पुण्याचं बघा. लोक म्हणतात की पुण्यात कुठे एवढी दमट हवा, ती तर मुंबईत. पण इथली अडचण हवा नुसती दमट असण्याची नाही, ती बदलण्याची आहे. एप्रिलमध्ये दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर राहते. अशा कोरड्या हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात साधारण ६ टक्के ओलावा उरतो, दमट हवेत तो १६ पर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक थर दरवर्षी फुगतो आणि आकसतो, आणि शेजारचा थर आडवा असल्यामुळे त्याला फुगू देत नाही, त्यामुळे सगळी ओढाताण मधल्या गोंदावर येते. हॉलमधल्या टीव्ही युनिटला हे चालून जातं. सिंकखाली मात्र त्यात भर पडते ती थंड पाण्याने स्टीलच्या सिंकच्या बुडाला येणाऱ्या दवाची, बॉटल ट्रॅपच्या नटमधून येणाऱ्या थेंबाची, आरओच्या बारीक पाइपची, आणि वर ओतलेल्या भाताच्या गरम पेजेच्या उष्णतेची. दारं बंद, हवा खेळत नाही, ओलावा आत कोंडून राहतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि तो कुबट वास मग वरच्या ड्रॉवरपर्यंत येतो. (मरीन प्लायला आयएस ७१० प्रमाणे कीड आणि बुरशीविरुद्ध औषधप्रक्रिया करणं सक्तीचं आहे, हा दुसरा फायदा, पण त्याकडे कुणी फारसं बघत नाही.)

बिघाड कुठून सुरू होतो तेही ठरलेलं आहे. सनमाइकाच्या मधोमध कधीच नाही. पाइपसाठी सुताराने मागच्या किंवा खालच्या पाटात होलसॉने पाडलेलं भोक, त्याची कड तशीच उघडी, आणि कपाटाच्या तळाची पुढची खालची धार, जिथे फरशी पुसताना पाणी लागतं. थराच्या कापलेल्या टोकातून पाणी सपाट पृष्ठापेक्षा खूप पटकन आत शिरतं. साध्या प्लायमध्ये पहिली खूण म्हणजे भोकाभोवतीची सनमाइका थोडी वर उचललेली दिसते, बोटाने दाबलं तर पोकळ वाटते. नंतर दार घासायला लागतं, लोक बिजागरी घट्ट करतात, पण स्क्रू नुसता फिरत राहतो कारण आतले थर सुटलेले असतात आणि आटे धरायला काही उरलेलंच नसतं. या अवस्थेत स्क्रू बदलून उपयोग नाही. पार्टिकल बोर्डची तर गोष्टच वेगळी, तो एकदा फुगला की वाळूनही मूळ जाडीवर येत नाही.

एक नेहमीचा आक्षेप असतो, सगळं किचन मरीनमध्ये करायचं तर बजेट कुठे जाईल? सगळं करायची गरजच नाही. समजा ओट्याखाली ३ फूट रुंद, साधारण २ फूट खोल, पाय सोडून सव्वादोन-अडीच फूट उंच असं सिंकचं कपाट आहे. १८ एमएमच्या दोन बाजू, एक तळ आणि दोन दारं मिळून सुमारे २२-२३ चौरस फूट होतात, आणि ८ बाय ४ चा शीट असतो ३२ चौरस फुटांचा. म्हणजे एका शीटमध्ये सिंकचं कपाट निघून शेजारच्या युनिटची सिंककडची बाजू आणि पुढची पट्टीही निघते. वरचे ओव्हरहेड, किराण्याची ट्रॉली वगैरे बीडब्ल्यूआरमध्ये केलं तरी माझ्या मते काही बिघडत नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी कपाट असेल तर ते मात्र सिंकच्याच रांगेत धरावं.

अर्थात मरीन प्लायचं लाकडसुद्धा पाणी पितं आणि थोडं फुगतं, फक्त थर धरून राहतात. त्यामुळे भोकांच्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर किंवा पीयू सीलर मारून मगच पाइप घालावा आणि फट सिलिकॉनने बंद करावी. कपाट ४ इंची पीव्हीसी पायांवर उचलावं, प्लायचं स्कर्टिंग थेट फरशीवर टेकवू नये. दाराच्या बाहेर सनमाइका आणि आत नुसतं पॉलिश असं केलं तर मरीनचं दारसुद्धा पावसाळ्यात वाकतं, कारण एक बाजू ओलावा घेते आणि दुसरी घेत नाही. आतूनही लायनर लॅमिनेट लागतंच. आणि गोंद भारी पण सनमाइका चिकटवायला साधं पांढरं फेविकॉल, असं झालं तर पहिल्यांदा सनमाइकाच सुटते, तिथे वॉटरप्रूफ जातीचंच वापरायला सांगावं.

खरेदीला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा नाहीतर घराजवळच्या दुकानात, शीटवरचा शिक्का वाचायचा: आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ७१० आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की संपलंय आणि कुठल्या मानकासाठी आहे ते दिसतं, आणि ३०३ च्या लायसन्सवर ७१० चा छापा मारलेला असेल तर तोही इथेच सापडतो. कापलेल्या कडेला फिनॉलच्या गोंदाची रेषा गडद तपकिरी दिसते, पण रंग मिसळून साधा गोंदही तसा दाखवता येतो म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. शंका असेल तर कापताना उरलेला हाताएवढा तुकडा पातेल्यात पूर्ण बुडवून ४-५ तास उकळवायचा, पाणी आटेल तसं घालत राहायचं. युरियाचा असेल तर कडेला थर उघडायला लागतात आणि सुरीचं टोक सहज आत जातं. एवढ्या वेळात बीडब्ल्यूआर आणि मरीन यांच्यातला फरक मात्र कळत नाही, त्यासाठी शिक्का आणि लायसन्स नंबरच बघावा लागतो.