पेगबोर्ड

ठरावीक अंतरावर भोके पाडलेला आणि भिंतीवर बसवायचा तक्ता म्हणजे पेगबोर्ड. भोकांत हूक किंवा खुंट्या अडकवून अभ्यासाचे सामान, हत्यारे किंवा स्वयंपाकाची भांडी टांगतात. प्रचलित बोर्डाची भोके साधारण २५ मिमी अंतरावर असतात. बोर्ड हार्डबोर्ड, प्लायवूड किंवा पत्र्याचा असतो. जाडी आणि भोकाचा व्यास जुळत नसेल तर हूक सैल बसतो, म्हणून बोर्ड आणि हूक एकाच मापाचे घ्यावेत.

बसवताना सर्वांत जास्त चुकते ते बोर्डामागच्या जागेच्या बाबतीत. हूक भोकातून आत जाऊन वर वळतो; त्यासाठी मागे निदान १२ मिमी मोकळी जागा हवी. बोर्ड थेट भिंतीला चिकटवला तर एकही हूक बसत नाही. त्यामुळे आधी लाकडी पट्ट्या ठोकतात आणि त्यांवर बोर्ड चढवतात. पट्टीमागे येणारी भोके वाया जातात, तेव्हा पट्ट्या कडेला आणि मध्ये एवढ्याच ठेवाव्यात.

१२० × ६० सेंमीचा, ६ मिमी जाडीचा बोर्ड आडवा लावायचा आहे असे समजू. २० मिमी जाडीच्या तीन आडव्या पट्ट्या पुरतात. गिलावा १५ मिमी असेल, तर पट्टीच्या स्क्रूची लांबी २० + १५ + विटेत ३० मिळून ६५ मिमी येते. ड्रिल करताना पांढरट किंवा राखाडी भुकटीनंतर लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली. नुसत्या गिलाव्यात बसलेला प्लग स्क्रू पिळताना जागीच फिरतो; असा प्लग वजनाने उपटून येणारच. स्विचबोर्ड आणि नळांच्या सरळ वर-खाली वा आडव्या रेषेत भोक पाडू नये, आत वायर किंवा पाइप असण्याची शक्यता असते. पट्ट्या लागल्यावर बोर्ड २० मिमी स्क्रूंनी, वॉशर घालून कसावा. वॉशर नसेल तर स्क्रूचे डोके भोकातून आरपार जाते.

स्वयंपाकघरात साधा हार्डबोर्ड वाफेने फुगतो, आणि सुरुवात कडांपासून व भोकांपासून होते. पुढून, मागून आणि कडांना रंग दिला तर तो बराच टिकतो. पण सिंकजवळ पत्र्याचा बोर्ड किंवा पावडर कोटिंग केलेली तारेची जाळी बरी. जाळीवरचे हूक तारेवर नुसते लटकतात, मागे वळत नाहीत. तरी त्यांना तारेमागे शिरायला बोटभर जागा लागतेच.

चार-पाच जड वस्तूच टांगायच्या असतील, तर खुंटीपट्टी सोपी पडते. तिच्या खुंट्या किंचित वर कललेल्या असाव्यात, नाहीतर पिशवीचा बंद घसरतो. वजन भिंतीपासून जितके दूर, तितका वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो; म्हणून जड पिशवी खुंटीच्या टोकाला नव्हे, बुडाशी टेकलेली असावी.