सोनोग्राफीत दिसलेले फॉलिकल आणि पीसीओएसचं निदान

चोवीस वर्षांची एक मुलगी समजा. पाळी तेराव्या वर्षी आली आणि आता दर 28 ते 31 दिवसांनी येते. लघवीला जळजळ आणि ओटीपोटात दुखतं म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहून आलं, 'दोन्ही अंडाशय पॉलिसिस्टिक'. संध्याकाळपर्यंत घरात 'हिला पीसीओडी आहे' हे ठरूनही गेलं (पीसीओडी हे पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांच्या विकाराचंच बोलण्यातलं नाव), आणि आईच्या मनात पहिला प्रश्न आला तो मूल होण्याचा.

तो रिपोर्ट नीट वाचूया. उजव्या अंडाशयाचं माप 3.1 × 2.0 × 2.4 सेंटीमीटर. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं साधारण निम्मं केलं की आकारमान निघतं, इथे सुमारे साडेसात मिलिलिटर. डावा त्याहून थोडा लहान. कडेने 2 ते 9 मिलिमीटरचे बरेच फॉलिकल दिसतात, पण किती ते लिहिलेलंच नाही.

हे फॉलिकल म्हणजे कापून काढायच्या गाठी नव्हेत. त्या द्रवाने भरलेल्या इवल्या पिशव्या, प्रत्येकीत एक अपक्व बीज असतं. दर महिन्याला असे अनेक फॉलिकल एकत्र वाढू लागतात, त्यातला एक पुढे जाऊन सुमारे 20 मिलिमीटरचा होतो आणि फुटून बीज सोडतो. बाकीचे विरून जातात. विशीतल्या मुलीकडे बीजांचा साठा मोठा असतो, म्हणून लहान फॉलिकलही भरपूर दिसतात. पीसीओएसमध्येही ते भरपूर दिसतात, पण कारण वेगळं असतं: तिथे पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने लहान फॉलिकल जास्त तयार होतात आणि अर्ध्या वाटेवर थबकतात. दादर स्टेशनच्या गर्दीचा एकच फोटो पाहून गाड्या बंद आहेत की नुसती संध्याकाळची वेळ आहे, हे सांगता येत नाही. सोनोग्राफी हा तसाच एका क्षणाचा फोटो आहे. गाड्या चालू आहेत का, हे पाळीच्या तारखा सांगतात.

म्हणूनच 2003 साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: बीज वेळेवर न सुटणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं हे चित्र. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणं आधी तपासून बाजूला काढायची. आपल्या मुलीकडे तिसरी गोष्ट आहे असं क्षणभर धरलं तरी तीनपैकी एकच भरते.

आणि तीही भरते का, हा प्रश्नच आहे. 2003 मध्ये एका अंडाशयात 12 फॉलिकल पुरेसे मानले होते. मशीन सुधारली, पूर्वी न दिसणारे फॉलिकल दिसू लागले, आणि कितीतरी निरोगी स्त्रिया त्या रेषेपलीकडे गेल्या. आताच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 20 किंवा जास्त फॉलिकल, नाहीतर 10 मिलिलिटर किंवा जास्त आकारमान लागतं. यातली 20 ची मोजणी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीसाठी आहे. पोटावरून केलेल्या तपासणीत फॉलिकल एवढे स्पष्ट मोजता येत नाहीत, तिथे मुख्यतः आकारमान बघतात. आपल्या मुलीचं ते दोन्हीकडे दहाच्या खाली आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये असं याच सूचना सांगतात, तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या हातात असे रिपोर्ट पडतात याचं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी तिला विचारायचे प्रश्न साधे आहेत. दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडतं का, वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येतात का? हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस वाढताहेत का? उत्तरं 'नाही' असतील, तर लघवीच्या संसर्गाचा इलाज करून तिला घरी पाठवावं. केस खरंच वाढत असतील, तर मात्र पाळी नियमित असूनही पुढे तपासायला हवं. उलट, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते आणि हनुवटीवर केस आहेत, अशा स्त्रीची सोनोग्राफी नॉर्मल आली तरी, दुसरी कारणं नसल्यास, तिला पीसीओएस असतो.

सगळ्यात घातक चूक तिसऱ्याच ठिकाणी होते. कडक डाएट किंवा अतिव्यायामामुळे जिची पाळी बंद झाली आहे, अशा बारीक मुलीच्या अंडाशयांतही पुष्कळ लहान फॉलिकल दिसू शकतात. इथे मेंदूकडून येणारा संप्रेरकांचा इशाराच मंदावलेला असतो. रक्तात एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, कमी येतं, गर्भाशयाचं अस्तर पातळ दिसतं, अंगावर जादा केस नसतात. तिला हवं असतं पोटभर जेवण आणि विश्रांती. रिपोर्टची शेवटची ओळ वाचून कोणी 'पीसीओडी आहे, वजन कमी कर' असं सांगितलं, तर ती आणखी कमी खाते, पाळी आणखी लांबते आणि एस्ट्रोजेनअभावी हाडंही ठिसूळ होऊ लागतात.