लहान पेजच्या आकड्यांचे वाचन

समाजमाध्यमांवरील एखाद्या पेजच्या पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचल्या, किती वेळा दिसल्या आणि लोकांनी त्यांवर काय केले, याचे आकडे पाहून पुढे कोणत्या प्रकारच्या पोस्ट वाढवायच्या हे ठरवण्याची पद्धत. काही शे ते काही हजार फॉलोअर असलेल्या पेजला मोठ्या पेजची गणिते जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तिथे प्रत्येक पोस्टचे आकडे इतके लहान असतात की चार माणसांच्या लहरीवर टक्केवारी वर-खाली होते. या नोंदीत मुख्यतः इन्स्टाग्रामचा आणि ओघाने फेसबुकचा विचार केला आहे.

तीन आकड्यांपैकी रीच म्हणजे पोस्ट किमान एकदा दिसलेल्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या. इम्प्रेशन म्हणजे पोस्ट एकूण किती वेळा पडद्यावर आली ती संख्या. एकाच माणसाला ती तीनदा दिसली तर रीच एक आणि इम्प्रेशन तीन. एंगेजमेंट म्हणजे लाइक, कॉमेंट, शेअर, सेव्ह अशा सगळ्या कृतींची बेरीज. 2024 साली इन्स्टाग्रामने इम्प्रेशनऐवजी ‘व्ह्यूज’ हा मुख्य आकडा करण्याचे जाहीर केले. फोटोच्या बाबतीत तो जवळपास इम्प्रेशनसारखाच असतो. रीलमध्ये मात्र पुन्हा पुन्हा चाललेली रीलही त्यात मोजली जाते, त्यामुळे फोटोचे व्ह्यूज आणि रीलचे व्ह्यूज शेजारी ठेवून तुलना केली तर रील बहुतेक वेळा जिंकते. हे आकडे इनसाइट्स या आकडेवारीच्या विभागात दिसतात आणि त्यासाठी खाते प्रोफेशनल प्रकारचे असावे लागते.

रीचची बेरीज करता येत नाही, ही पहिली अट. सोमवारी पोस्ट पाहिलेला माणूस मंगळवारीही पाहतो, पण तो माणूस एकच असतो. ही चूक खुद्द फेसबुककडूनही झाली होती. पेजच्या सारांशात 7 आणि 28 दिवसांचा रीच दाखवताना रोजच्या रीचची सरळ बेरीज होत होती आणि तेच ते लोक पुन्हा मोजले जात होते. नोव्हेंबर 2016 मध्ये कंपनीने हे मान्य केले. दुरुस्तीनंतर 28 दिवसांचा आकडा सरासरी 55 टक्क्यांनी आणि 7 दिवसांचा 33 टक्क्यांनी कमी होईल, असे तिने तेव्हा सांगितले. पुढे 2018 च्या सुरुवातीला फेसबुकने पेजच्या रीचची व्याख्याही कडक केली आणि पोस्ट प्रत्यक्ष पडद्यावर आली तरच ती मोजायला सुरुवात केली. म्हणून जुन्या वर्षाचा रीच नव्या वर्षाशी ताडून पाहण्याआधी मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली होती का, हे पाहावे लागते. आकडा घसरला म्हणजे पेज घसरलेच असे नाही.

इम्प्रेशनला किंवा त्याऐवजी दिसणाऱ्या व्ह्यूजला रीचने भागले की पोस्ट एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली ते कळते. हा भागाकार लोकांच्या ओढीचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यात गोम आहे. अनेक फोटोंची कॅरोसेल पोस्ट कुणी न सरकवता पुढे गेला, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट दुसऱ्या फोटोसह त्याला पुन्हा दाखवू शकते. म्हणजे कॅरोसेलचा भागाकार मोठा येण्यामागे वाचकाची ओढ नसून यंत्रणेचा हट्ट असू शकतो. काय वाढवायचे हे ठरवताना या आकड्याला फार महत्त्व देऊ नये.

खरा निर्णय होतो तो कृतींच्या प्रकारावरून. सगळ्या कृती एका वजनाच्या नसतात. लाइक अंगठ्याच्या सवयीनेही होते. शेअर करणारा मात्र मनात कुणाचे तरी नाव धरून पोस्ट पाठवतो आणि सेव्ह करणारा ती पुन्हा उघडायची म्हणून ठेवतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये रँकिंगसाठी तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले: पाहण्याचा वेळ, रीचच्या प्रमाणात लाइक आणि रीचच्या प्रमाणात पाठवणी. आधीच्या फॉलोअरपर्यंत पोहोचायला लाइक थोडे जास्त उपयोगी आणि अनोळखी लोकांपर्यंत जायला पाठवणी जास्त उपयोगी, असेही त्यांनी म्हटले. दोन्ही ठिकाणी भाजक रीच आहे, फॉलोअर नाहीत, हे लक्षात घ्यावे.

आता एक उदाहरण. त्यातले आकडे हिशेब समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या पेजला 2,400 फॉलोअर आहेत. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंतच्या दहा आठवड्यांत तिथे तीन प्रकारच्या पोस्ट पडल्या: सण-जयंतीच्या शुभेच्छा 9, नव्या पुस्तकांच्या ओळखी 8 आणि गावाचे जुने फोटो 6. पुस्तकाच्या पोस्टमध्ये मुखपृष्ठ, तीन ओळींची ओळख आणि दाखल क्रमांक एवढेच असे. प्रत्येक पोस्टचे आकडे ती पडल्यानंतर बरोबर सात दिवसांनी वहीत उतरवले. कालची पोस्ट महिन्यापूर्वीच्या पोस्टशी ताडून पाहणे व्यर्थ असते. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्ट या हिशेबातून वगळल्या, कारण विकत घेतलेला रीच आवड सांगत नाही.

वरवर पाहता शुभेच्छा पहिल्या येतात. त्यांच्या 9 पोस्टचे रीच एकत्र धरले तर 5,600 आणि कृती 711, म्हणजे 12.7 टक्के. (रीचची बेरीज चालत नाही असे वर म्हटले, तरी इथे ती किती ‘माणसे’ हे सांगण्यासाठी नसून केवळ भाजक म्हणून घेतली आहे.) पुस्तकांच्या 8 पोस्टचे रीच 3,280 आणि कृती 336, म्हणजे 10.2 टक्के. कार्यकारिणीच्या बैठकीत एवढेच दाखवले तर उद्यापासून रोज फुलांच्या चौकटीतली शुभेच्छापत्रे सुरू होतील.

पण शेअर आणि सेव्ह वेगळे काढले की चित्र उलटते. शुभेच्छांवर असे दोन्ही मिळून फक्त 10, म्हणजे दर हजार रीचमागे 2 सुद्धा नाहीत. पुस्तकांवर 120, म्हणजे हजारामागे सुमारे 37. शुभेच्छांखालच्या कॉमेंटही वाचून पाहाव्यात: हात जोडलेल्या इमोजी आणि ‘आपणांसही’. पुस्तकांखाली ‘हे पुस्तक घरी नेता येईल का, की फक्त संदर्भ विभागात?’ असा प्रश्न असतो. एंगेजमेंटच्या बेरजेत दोन्ही कॉमेंट एकेकच मोजल्या जातात.

जुन्या फोटोंच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. सहापैकी पाच पोस्टचे रीच 480, 510, 530, 550 आणि 610 होते. सहावा फोटो जुन्या एसटी स्टँडचा. तो पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांमध्ये फिरला आणि त्याचा रीच 11,800 झाला. सहांची सरासरी 2,413 येते, पण या आकड्याच्या जवळपासही सहांपैकी एकाही पोस्टचा रीच नाही. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, मात्र 540 येतो आणि पुढच्या जुन्या फोटोकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. लहान पेजवर सरासरीऐवजी मध्यक वापरायचा तो याचसाठी. एसटी स्टँडसारखी पोस्ट हिशेबातून काढून बाजूला लिहून ठेवावी आणि ती का चालली ते स्वतंत्रपणे तपासावे.

त्याच पोस्टमध्ये आणखी एक चकवा आहे. तिचे शेअर आणि सेव्ह 210 होते, म्हणजे हजारामागे सुमारे 18. बाकीच्या पाच फोटोंचे प्रमाण हजारामागे 28 (2,680 रीचवर 75). मग सर्वांत जास्त फिरलेली पोस्ट सर्वांत फिकी ठरली का? नाही. पोस्ट जवळच्या लोकांतच राहते तेव्हा पाहणारे मुळातच आस्थेचे असतात, त्यामुळे प्रमाण जास्त येते. ती अनोळखी लोकांत गेली की भाजक फुगतो आणि प्रमाण उतरते. म्हणून प्रमाणाची तुलना साधारण सारख्या रीचच्या पोस्टमध्येच करावी. फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले अशी पाहणाऱ्यांची फोड इनसाइट्समध्ये मिळते, ती याच वेळी उघडून पाहावी.

आता पुस्तकांचे 37 आणि जुन्या फोटोंचे 28 यांत खरेच फरक आहे का? अशा मोजणीत योगायोगाने होणारी हालचाल ढोबळमानाने त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. 120 चे वर्गमूळ सुमारे 11 आणि 75 चे सुमारे 9. म्हणजे पुस्तकांचा दर 33 ते 40 आणि फोटोंचा 25 ते 31 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शिवाय एखाद-दुसऱ्या पोस्टवरच शेअर गोळा झालेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली अनिश्चितता याहून मोठी. तेव्हा पुस्तके फोटोंच्या वर आहेत असे ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही शुभेच्छांच्या वर आहेत, हे मात्र निःसंशय. लहान पेजच्या आकड्यांकडून एवढेच उत्तर मागावे. एका पोस्टला 4 सेव्ह आणि दुसरीला 6 यावरून तर काहीच मागू नये.

फोटो की पुस्तके हा निर्णय मग पेजच्या हेतूवर जातो. एसटी स्टँडच्या फोटोमुळे आलेले फॉलोअर बहुतेक बाहेरगावचे, ते पुस्तक न्यायला येणार नाहीत. वाचनालयाला सभासद हवे असतील तर पुस्तके आठवड्यातून दोन आणि जुना फोटो एक, असे सहा आठवडे करून पाहावे. शुभेच्छांपैकी 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांसारखे वाचनालयाशी नाते असलेले दिवस ठेवून बाकीच्या कमी कराव्यात. जीर्णोद्धारासाठी देणगी गोळा करायची असेल तर मात्र हेच बाहेरगावचे लोक मोलाचे आणि प्रमाण उलटे ठेवावे लागेल.

सहा आठवड्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुस्तकांच्या पोस्ट शनिवारी संध्याकाळी आणि शुभेच्छा सणाच्या सकाळी पडत असतील, तर फरक विषयाचा की वेळेचा हे कळत नाही. सणाच्या सकाळी तर सगळीच पेजेस शुभेच्छा टाकत असतात. पुस्तकाची ओळख फोटोऐवजी रीलने दिली आणि आकडे वाढले, तर ते पुस्तकाचे यश की रीलचे, हाही प्रश्न उरतो. त्यासाठी काही जुने फोटोही रीलमधून द्यावे लागतात. ‘लाइक करा, पाच मित्रांना टॅग करा’ अशा ओळी घालून आकडे फुगवू नयेत. अशा पोस्ट खाली ढकलण्याचे फेसबुकने डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केले होते आणि फुगवलेल्या आकड्यांवरून आवडही वाचता येत नाही.

इनसाइट्समध्ये न येणारा मोठा भाग व्हॉट्सॲपचा. पोस्टचा स्क्रीनशॉट काढून गावाच्या किंवा शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकला की त्याची नोंद कुठेच होत नाही. पुस्तकांच्या पोस्टबाबतीत यावर साधा उपाय आहे: देवघेव विभागात एक रकाना आखून ‘पेजवर पाहिले’ म्हणून पुस्तक मागणाऱ्यांची खूण करायची आणि महिन्याअखेर तो रकाना पोस्टच्या दाखल क्रमांकांशी जुळवायचा.