वृत्तलेखाचा मथळा (सीमाभाग)

वृत्तपत्रातील लेखाच्या माथ्यावरची ठळक ओळ म्हणजे मथळा, तिच्याखालची उपमथळा. ‘दर्पण’च्या (१८३२) काळात मथळा हे बहुधा विषयाचे नुसते नाव असे. क्रियापदाचा, घटना सांगणारा मथळा पुढे केव्हातरी रुळला असावा. त्याचे श्रेय तारेने येणाऱ्या बातम्यांना द्यावे की इंग्रजी दैनिकांच्या अनुकरणाला, अशी दोन मते संभवतात. पहिले अधिक पटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी मथळ्यांची खरी अडचण मात्र गाळलेल्या क्रियापदाची आहे. जागा वाचावी म्हणून उपसंपादक ‘आहे’, ‘हवे’, ‘जाणार’ काढून टाकतो. ‘२६४ गावे महाराष्ट्रात’ असे छापले, की गावे गेली, जाणार आहेत की जावीत अशी मागणी आहे, हे वाचकाला कळत नाही. सीमाप्रश्नात नेमका तोच फरक महत्त्वाचा. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात ही गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यामुळे ‘२६४ गावे महाराष्ट्राची!’ हा मथळा आयोगाच्या शिफारशीला निकालाचे रूप देतो. प्रश्नचिन्हानेही सुटका होत नाही: ‘गावे महाराष्ट्रात जाणार?’ या मथळ्याखालच्या लेखात तशी हालचालच नसेल, तर वाचक फसतो.

उदाहरणार्थ, आयोगाने महाराष्ट्राला सुचवलेल्या एखाद्या गावावर रविवार पुरवणीसाठी लेख आहे. शेतकरी मराठी बोलतो, जमिनीचा उतारा कानडीत मिळतो आणि तो वाचून घ्यायला त्याला दुसऱ्याकडे जावे लागते. ‘मराठी शेतकऱ्यांच्या जमिनी धोक्यात’ हा मथळा डोळ्यात भरतो, पण लेखात कोणाचीही जमीन गेलेली नाही. ‘शेत आपलं, उतारा कानडीत’ हा मथळा तितकाच पकडतो, आणि लेखातल्या माणसाची अडचण जशी आहे तशी सांगतो. आकर्षकपणा अशा तपशिलातून येतो, उद्गारचिन्हातून नव्हे. उरलेला कायदेशीर भाग उपमथळ्यात जावा: ‘महाजन अहवालाची शिफारस अमलात आली नाही, दावा सर्वोच्च न्यायालयात’. येथे क्रियापद ठेवण्यासाठी एखादे विशेषण गाळावे लागले, तरी चालेल.

आरोपाला धनी हवा. ‘मराठीची गळचेपी’ हे नेत्याचे विधान असेल, तर त्याचे नाव किंवा निदान अवतरणचिन्हे हवीत. भारतीय प्रेस परिषदेचे संकेतही तेच सांगतात. चुकीचा मथळा ओळखण्याची मेजावरची रीत सोपी आहे: लेख न वाचलेल्या सहकाऱ्याला नुसता मथळा दाखवावा, काय घडले असे विचारावे, आणि त्याचे उत्तर लेखात कोणत्या वाक्यात सापडते ते पाहावे. वाक्य सापडले नाही, तर मथळा बदलावा.

स्थलनामाबाबत पद्धत एकसारखी नाही. २०१४ पासून ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव आहे. मराठी दैनिके सहसा ‘बेळगाव’च छापतात.