कोरडवाहू हरभऱ्याचे बियाणे भिजवणे व बीजप्रक्रिया

पेरणीपूर्वी बियाणे ठरावीक वेळ पाण्यात भिजवून सावलीत सुकवणे आणि त्यावर बुरशीनाशक व जिवाणू संवर्धक चोळणे, अशी ही दुहेरी पद्धत आहे. मराठवाड्यात सोयाबीन निघाल्यावर काळ्या रानात हरभरा पेरतात. तोवर वरचा थर वाळू लागलेला असतो आणि ओल खाली सरकत असते. कोरडे बी अशा जमिनीत टम्म फुगायलाच वेळ घेते, तेवढ्यात त्याच्याभोवतीची ओल आणखी घटते. भिजवलेल्या बियाचे पाणी शोषण्याचे काम आधीच झालेले असल्याने ते लवकर आणि एकसारखे उगवते.

एकरी २५ किलो देशी हरभऱ्यासाठी बी संध्याकाळी पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात टाकावे, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकावे आणि सुमारे ८ तासांनी, म्हणजे पहाटे, पाणी निथळावे. नंतर ते पोत्यावर सावलीत पसरून हाताला चिकटणार नाही इतके सुकू द्यावे. वेळ पाळणे फार महत्त्वाचे. बियाच्या टोकाला पांढरा मोड दिसला की ते जास्त भिजले असे समजावे. असे बी सुकवले तर मोड मरतो.

सुकलेल्या बियाला प्रथम किलोमागे ३ ग्रॅम थायरम चोळतात. मर रोगाची बुरशी जमिनीत आणि बियाण्यावरही असते. रोप वाळू लागल्यास मुळाजवळचे खोड उभे चिरून पाहावे, आतला भाग तपकिरी किंवा काळपट दिसला तर तो मर रोग होय. बुरशीनाशकाचे संरक्षण कोवळ्या रोपापुरतेच असते, पुढे मरप्रतिकारक वाणच कामी येतो. रायझोबियम मात्र सर्वांत शेवटी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, पेरणीच्या तोंडावर लावावे. बुरशीनाशक या जिवाणूंनाही मारक ठरू शकते, म्हणून ते लावलेले बी ठेवून देऊ नये, त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक हाताळताना हातमोजे घालावेत. उरलेले बी खायला किंवा जनावरांना देऊ नये.

भिजलेले बी फुगलेले असल्याने पेरणी यंत्रातून नेहमीपेक्षा कमी पडते किंवा अडकते. म्हणून थोडे बी भरून चार-पाच तासांत किती दाणे पडतात ते आधी मोजून घ्यावे, येथे तास म्हणजे पेरणीची ओळ.

भिजवण्याने जमिनीत नसलेली ओल निर्माण होत नाही. पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबली असता गोळा होत नसेल, तर जागे झालेले बी उगवण्याआधीच वाळते, आणि तिथे कोरडे बी पेरून पावसाची वाट पाहणे बरे. ही पद्धत सोयाबीनला लावू नये. त्याचे टरफल पातळ व नाजूक असते, पाण्यात ते बी झपाट्याने फुगून फाटते आणि उगवण घटते. सोयाबीनला फक्त कोरडी बीजप्रक्रिया करावी.