मास्तरांच्या चुका छोट्या चिपला कशा शिकवतात

अर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स नावाचा एक बोटाएवढा बोर्ड मिळतो. त्यात ६४ मेगाहर्ट्झची चिप, १ एमबी फ्लॅश आणि २५६ केबी रॅम, बस्स. समजा आपल्याला त्याच्याकडून हाताने लिहिलेले अंक ओळखून घ्यायचेत आणि त्यासाठी चांगलं शिकलेलं एक मोठं न्यूरल नेटवर्क आपल्याकडे आहे, १२०० युनिटचे दोन थर असलेलं. त्याने शिकून साठवलेले आकडे, म्हणजे वेटं, मोजली तर जवळपास २४ लाख भरतात, आणि प्रत्येकी एका बाइटमध्ये कोंबली तरी २.४ एमबी होतात, म्हणजे विषय संपला.

मग सरळ छोटं नेटवर्क घेऊन त्यालाच शिकवायचं ना? तसं करता येतं, पण ते कच्चं राहतं. २०१५ साली जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांनी एका रिसर्च पेपरमध्ये नेमकं याच अंकांवर करून बघितलं. १०,००० चित्रांच्या परीक्षेत मोठ्या नेटवर्कच्या ६७ चुका झाल्या आणि ८०० युनिटचे दोन थर असलेल्या छोट्याच्या, तेही एकट्याने शिकल्यावर, १४६. मग त्याच छोट्याला मोठ्याच्या हाताखाली बसवलं तर चुका ७४ वर आल्या. नेटवर्क तेच, साइज तीच, फक्त शिकवायची पद्धत बदलली.

नेहमीच्या पद्धतीत चित्राबरोबर एकच उत्तर मिळतं, "हा सात आहे", बाकी सगळं शून्य. पण मोठं नेटवर्क, म्हणजे टीचर, प्रत्येक अंकाला स्कोअर देतं. समजा सातला १०, एकला ४ आणि नऊला २ दिले (बाकीचे सोडून देऊ). म्हणजे तो म्हणतोय की सातच आहे पण थोडा एक या अंकासारखा दिसतोय, नऊसारखा त्याहून कमी. हे इंग्रजी अंकांचं झालं, आपल्या मराठी अंकांवर शिकवलं असतं तर १ आणि ९ ची गल्लत आधी दिसली असती! खरी माहिती या चुकीच्या उत्तरांच्या प्रमाणात आहे.

गोची अशी की या स्कोअरची टक्केवारी काढली की सातला ९९.७ टक्के मिळतात आणि उरलेल्यांना जेमतेम चिल्लर, त्यातून छोटं नेटवर्क, म्हणजे स्टुडंट, काय शिकणार. म्हणून सगळे स्कोअर आधी एका आकड्याने भागतात, त्याला टेंपरेचर म्हणतात. ४ ने भागा, तेच उत्तर ७४, १६ आणि १० टक्के असं पसरतं. स्टुडंटचे स्कोअरही शिकताना त्याच ४ ने भागायचे आणि दोघांच्या टक्केवारीतला फरक कमी करत न्यायचा, जोडीला खऱ्या उत्तराचा थोडा वाटा. पायटॉर्चमध्ये ते असं दिसतं, zs म्हणजे स्टुडंटचे स्कोअर, zt टीचरचे, y खरं उत्तर आणि T टेंपरेचर:

```python
import torch.nn.functional as F

soft = F.kl_div(F.log_softmax(zs/T, dim=1),
                F.softmax(zt/T, dim=1),
                reduction="batchmean") * T*T
loss = 0.9*soft + 0.1*F.cross_entropy(zs, y)
```

शेवटचं T*T विसरू नका, नाहीतर टेंपरेचर वाढवलं की टीचरचा आवाजच बारीक होत जातो. आणि बोर्डवर टेंपरेचर वगैरे काही लागत नाही, ते फक्त शिकवणीपुरतं.

त्याच पेपरमधला मला सगळ्यात भारी वाटलेला भाग म्हणजे स्टुडंटला शिकवताना तीन या अंकाची सगळी चित्रंच काढून टाकली. त्याने आयुष्यात तीन बघितलाच नाही! परीक्षेत २०६ चुका, त्यातल्या १३३ तीनवरच. मग लक्षात आलं की तीनच्या स्कोअरमध्ये दरवेळी मिळवला जाणारा आकडा, म्हणजे त्याचा बायस, फार खाली राहिलाय, तो ३.५ ने वाढवला तर एकूण चुका १०९ आणि १,०१० तीनांपैकी फक्त १४ चुकले. तीन कसा दिसतो हे त्याला दोन, पाच, आठच्या चित्रांवर टीचरने "थोडा तीनसारखा" म्हटल्यातूनच कळलं होतं.

आता आपल्या बोर्डकडे या. ८०० वालं नेटवर्कसुद्धा १२.८ लाख वेटांचं आहे, १ एमबीत ते मावत नाही. ३० युनिटचे दोन थर घेतले तर २४,७९० वेटं, म्हणजे एकेका बाइटने साधारण २५ केबी, आरामात बसतं. पण इतका छोटा स्टुडंट टीचरचं सगळं म्हणणं पेलू शकत नाही, आणि टेंपरेचर जास्त ठेवलं की तो अगदी नगण्य शक्यतांची नक्कल करण्यात ताकद घालवतो. पेपरमध्ये ३० युनिटला २.५ ते ४ एवढंच टेंपरेचर सगळ्यात चांगलं चाललं, मोठ्या स्टुडंटला मात्र ८ च्या वर काहीही ठेवा, फारसा फरक पडत नव्हता.

जमलं की नाही हे कळायला तेच ३० वालं नेटवर्क एकदा टीचरशिवाय शिकवून ठेवा. टीचरवालं त्याच्या पुढे जात नसेल तर सातच्या एका चित्रावरची टीचरची ४ टेंपरेचरची टक्केवारी प्रिंट करून बघा. सातला १२.५ आणि बाकी नऊ अंकांना ९.७ च्या आसपास दिसलं तर टक्केवारीचीच पुन्हा टक्केवारी काढली गेलीय, कच्चे स्कोअर द्यायचे राहिलेत. तेच चित्र दोनदा देऊन आकडे वेगळे आले तर टीचरचा ड्रॉपआउट, म्हणजे शिकताना काही युनिट अधूनमधून बंद ठेवायचा प्रकार, चालू राहिलाय, `teacher.eval()` लिहायचं राहून गेलंय. आणि चुका शेवटी मोजायच्या त्या एका बाइटमध्ये आणलेल्या नेटवर्कच्या, कारण बोर्डवर तेच जाणारे.